३६० चे गुणाकार किती?

सभागृहात ३६० खुर्च्या मांडायच्या आहेत. प्रत्येक रांगेत सारख्याच खुर्च्या हव्यात आणि एकही उरता कामा नये. अशा मांडण्या किती होतील? म्हणजेच, दोन संख्यांचा गुणाकार म्हणून ३६० किती प्रकारे लिहिता येईल?

३६० ला ८ ने भागलं की ४५ येतात. म्हणजे ८ हा विभाजक सापडताच ४५ हा त्याचा जोडीदारही हाती लागतो. जोडीतले दोन्ही विभाजक १९ किंवा त्याहून मोठे असूच शकत नाहीत, कारण १९ गुणिले १९ म्हणजे ३६१, ते ३६० च्या पुढे जातात. त्यामुळे प्रत्येक जोडीतला एक जण १८ किंवा त्याहून लहान असणारच. म्हणून १ ते १८ एवढ्याच संख्या तपासल्या की पुरे. त्यांत १, २, ३, ४, ५, ६, ८, ९, १०, १२, १५ आणि १८ यांनी ३६० ला निःशेष भाग जातो. म्हणजे १ × ३६० पासून १८ × २० पर्यंत १२ जोड्या झाल्या.

एखादी जोडी नजरेतून सुटली तर? १५ × २४ हमखास सुटते. म्हणून पडताळा हवा, आणि तो मूळ अवयवांतून मिळतो. ३६० = २ × २ × २ × ३ × ३ × ५. यातून विभाजक तयार करताना २ एकदाही घेतला नाही, किंवा एकदा, दोनदा, तीनदा घेतला, असे चार पर्याय आहेत. ३ साठी तीन पर्याय आणि ५ साठी दोन. ४ × ३ × २ = २४ विभाजक. प्रत्येक जोडीत दोन, म्हणून जोड्या १२. यादीत ११ च आल्या असतील तर कुठेतरी चूक झाली, हे लगेच कळतं. मात्र १५ रांगांत २४ खुर्च्या आणि २४ रांगांत १५ खुर्च्या या वेगळ्या मांडण्या धरल्या, तर उत्तर २४ येईल.

सरसकट निम्मे करायला गेलं की ४०० पाशी गाडी अडते. त्याचे विभाजक १५, आणि १५ चे निम्मे साडेसात! इथे २० चा जोडीदार २० च आहे. तो बाजूला ठेवला की उरलेल्या १४ विभाजकांच्या ७ जोड्या होतात, आणि २० × २० धरून ८ प्रकार. असा स्वतःशीच जोडी जमवणारा विभाजक फक्त पूर्ण वर्गसंख्येत सापडतो, म्हणून विभाजकांची संख्या विषम आली की ती संख्या पूर्ण वर्गच असणार.

संख्येच्या आकारावरून मात्र काहीच ठरत नाही. ३६० चे दोन्ही शेजारी पाहा. ३५९ ही मूळ संख्या आहे, तिचा एकच प्रकार, १ × ३५९. ३६१ चे दोन, १ × ३६१ आणि १९ × १९.