बंब आला, पण पाणी वर चढेल का?

जुन्या उंच इमारतीच्या जिन्यालगत तळापासून गच्चीपर्यंत गेलेला एक जाड लाल पाइप असतो. प्रत्येक मजल्यावर त्याला एक चाकाचा व्हॉल्व्ह असतो आणि खाली, फाटकाजवळ किंवा पार्किंगच्या भिंतीत, दोन किंवा चार तोंडांची लाल पेटी असते. हा पाइप रिकामा असेल तर तो ‘ड्राय रायझर’, म्हणजे कोरडा उभा पाइप. खालची पेटी म्हणजे ‘फायर ब्रिगेड इनलेट’. इमारतीने या पाइपात पाणी भरून ठेवायचे नसते. आग लागली की अग्निशमन दलाने बंबाच्या पंपाने खालून पाणी चढवायचे आणि जवानांनी वरच्या मजल्यावर ते काढून घ्यायचे, अशी ही सोय आहे. आपल्या राष्ट्रीय इमारत संहितेनुसार या पाइपाचा आतला व्यास निदान 100 मिलिमीटर हवा.

ही सोय नसेल तर काय करावे लागते, ते आधी पाहू. होजची एक लांबी साधारण 15 मीटरची. नवव्या मजल्यावर पाणी न्यायचे तर जिन्याच्या प्रत्येक वळणाला वळसा घालत, धुरात, अशा कितीतरी लांब्या एकमेकींना जोडत वर जावे लागते. भरलेली होज जड होते, कोपऱ्यावर मुडपते आणि मग पुढे सरकत नाही. उभा पाइप चालू असेल तर जवान दोन-तीन होज आणि ब्रँच (टोकाची पितळी नळी) खांद्यावर टाकून जिना चढतात. पाणी वर पोचवायचे काम पंप करतो.

बंब आल्यावर जवानांच्या दोन तुकड्या होतात. एक तुकडी वर जाते. आग नवव्या मजल्यावर असेल तर ती आठव्या मजल्यावर थांबते, कारण तिथला जिना अजून धुराने भरलेला नसतो. तिथल्या लँडिंग व्हॉल्व्हला होज जोडायची आणि ती जिन्यावरून वर ओढायची. दुसरी तुकडी खाली इनलेटपाशी असते. पेटीचे दार उघडायचे, तोंडांवरची साखळीची झाकणे काढायची, टॉर्च मारून आत पाहायचे आणि हात घालून जो काही कचरा असेल तो बाहेर ओढायचा. इनलेटची तोंडे नर जातीची असतात. पंपाकडून आलेल्या होजचे मादी टोक त्यावर दाबले की खटका बसतो. आटे फिरवत बसावे लागत नाही. शक्यतो दोन होज लावतात, म्हणजे एक फुटली तरी दुसरीतून पाणी चालू राहते. पाइपाच्या तळाशी पाणी काढून टाकायचा कॉक असतो, तो बंद आहे ना हे पाहायचे. जमेल तर एका जवानाला जिन्याने पाठवून मधल्या सगळ्या मजल्यांचे व्हॉल्व्ह बंद असल्याची खात्री करायची. वरून वॉकीटॉकीवर ‘पाणी सोडा’ असा निरोप आला की मगच पंपवाला पाणी सोडतो.

आता आकड्यांत पाहू. पाणी दहा मीटर वर चढवायला साधारण एक किलो दाब खर्च होतो. आठव्या मजल्याचा व्हॉल्व्ह सुमारे 25 मीटरवर, म्हणजे अडीच किलो नुसत्या उंचीत गेले. ब्रँचच्या तोंडाशी चांगली धार हवी तर साडेतीन किलो लागतात. होजमध्ये आणि पाइपात घासून आणखी एक किलो जातो. एकूण सात किलो. पंपवाल्याने काटा सातच्या आसपास ठेवायचा. आणि पाइप भरायला किती वेळ? इमारत बारा मजली, पाइप 36 मीटर उंच, व्यास 100 मिलिमीटर, म्हणजे त्यात 280 लिटरच्या आसपास पाणी मावते. पंपाने मिनिटाला हजार लिटर दिले तर खालच्या होज धरूनही सगळे एका मिनिटाच्या आत भरून निघते. पाइपाच्या डोक्यावर हवा बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह असतो. पाणी चढताना आतली हवा तिथून निघून जाते आणि पाणी वर पोचले की तो आपोआप मिटतो.

हे एक मिनिट आणि हे सात किलो लक्षात ठेवा. पाइपात काय बिघडले आहे ते पंपवाल्याला डोळ्यांनी दिसत नाही. त्याच्यापुढे दाबाचा काटा आणि टाकीतली पाण्याची पातळी असते, आणि बरेचसे निदान या दोन गोष्टींवरून होते.

पहिली खूण अशी: पाणी सोडल्यावर दोन-तीन सेकंदांतच काटा सातवर जाऊन बसतो, टाकीतले पाणी हलत नाही आणि वर थेंब पडत नाही. म्हणजे पाणी तळाशीच अडले आहे. जुन्या इमारतींत याची कारणे ठरलेली. पेटीचे दार मोडलेले असते आणि तोंडांवरची झाकणे गेलेली असतात. पितळेला भंगारात भाव मिळतो, म्हणून झाकणे, कपलिंगे, कधी व्हॉल्व्हसुद्धा चोरीला जातात. उघड्या तोंडात मग बाटल्या, गुटख्याच्या पुड्या, कागद, मुलांनी टाकलेले दगड साठत जातात. इनलेटच्या आत पाणी उलटे येऊ नये म्हणून एक झडप असते. वर्षानुवर्षे न हलल्याने ती गंजून बसते आणि पंपाच्या दाबानेही उघडत नाही. रस्त्यावर थरावर थर चढल्यामुळे काही ठिकाणी पेटी अर्धी जमिनीत गेलेली असते. मग होजचे टोक तोंडावर सरळ बसत नाही. पुढे कुंड्या, जाळी किंवा कायमची उभी केलेली गाडी असेल, तर जोडणी करण्यातच वेळ जातो.

दुसरी खूण याच्या उलट. पंप जोरात चालला आहे, टाकी रिकामी होते आहे, तरी काटा दोन-तीन किलोच्या वर सरकत नाही. म्हणजे पाणी कुठेतरी भलतीकडेच बाहेर पडते आहे. तळाचा कॉक उघडा राहिलेला असतो, किंवा तिसऱ्या मजल्यावर कोणीतरी कधीतरी उघडलेला व्हॉल्व्ह तसाच राहिलेला असतो आणि पाणी त्या जिन्यातून धो धो वाहते. फ्लॅटच्या नूतनीकरणात प्लंबरने पाइप मध्येच कापून टोपण न लावल्याचाही प्रकार घडतो. आपल्याकडे एक कारण खास लक्षात घेण्यासारखे आहे. अनेक इमारतींत नंतर गच्चीवरची टाकी आणि पंप याच उभ्या पाइपाला जोडतात. त्या जोडावर उलटा प्रवाह अडवणारा व्हॉल्व्ह नसेल किंवा तो निकामी झाला असेल, तर बंबाचे पाणी आगीच्या मजल्याला टाळून थेट गच्चीच्या टाकीत जाते आणि तिथून ओसंडून वाहते. खालच्या माणसाला वाटते पाणी वर पोचले, आणि आठव्या मजल्यावर जवान कोरडी ब्रँच हातात धरून उभा असतो.

तिसरी खूण जवानाच्या हातात मिळते. धार आधी चांगली येते, मग बारीक होत होत फिसकटते, पण काटा मात्र जागेवर आहे. हा गंज. कायम भरलेल्या पाइपापेक्षा कधी ओला, कधी कोरडा होणारा लोखंडी पाइप आतून लवकर गंजतो, कारण ओल आणि हवा दोन्ही एकाच वेळी मिळतात. भिंतीवरचे गंजाचे पापुद्रे सुटून तळच्या वळणाशी साठतात. पाणी सुटले की ते सगळे त्याच्याबरोबर वर येतात आणि ब्रँचच्या अरुंद तोंडात अडकतात. अशा वेळी व्हॉल्व्ह बंद करून ब्रँच काढायची, गाळ वाहून जाऊ द्यायचा आणि पुन्हा जोडायची. म्हणूनच पाइप भरलेला असेल तर होज लावण्याआधी व्हॉल्व्ह क्षणभर उघडून घेणे शहाणपणाचे.

व्हॉल्व्हच न उघडणे हेही नेहमीचे. त्याचे चाक चोरीला गेलेले असते, दांडा गंजलेला असतो, किंवा रंगाऱ्याने वर्षानुवर्षे त्यावर इतके थर चढवलेले असतात की तो जागचा हलत नाही. कधी तर व्हॉल्व्ह सापडतच नाही, कारण कोणीतरी त्यावर चपलांचे कपाट बांधलेले असते.

पाइप तुटलेला असला तर काय होते, याचे सर्वांत वेदनादायक उदाहरण न्यूयॉर्कचे आहे. वर्ल्ड ट्रेड सेंटरसमोरची डॉइश बँकेची इमारत 11 सप्टेंबर 2001च्या हल्ल्यात खराब झाली होती आणि ती मजल्यामागून मजला पाडत आणत होते. 18 ऑगस्ट 2007 रोजी सतराव्या मजल्यावर आग लागली. दलाने खाली इनलेटला होज जोडून पाणी सोडले, पण वर काहीच आले नाही. तळघरात साफसफाई करताना कामगारांनी उभ्या पाइपाचा 42 फुटांचा तुकडा काढून टाकला होता, तो परत बसवलाच नव्हता. बंबाचे पाणी तळघरात सांडत होते. वर पाणी पोचायला तासाभराहून जास्त वेळ लागला, तोही होज बाहेरून चढवून. रॉबर्ट बेडिया आणि जोसेफ ग्राफानिनो हे दोन जवान धुरात गेले. इमारत पाडताना ठरावीक दिवसांनी करायची दलाची तपासणी इथे झालेली नव्हती. एका माणसाने तळघरात उतरून पाइपावर नजर टाकली असती, तर हे खिंडार दिसले असते.

ब्रिटनमध्ये ड्राय रायझरची दर सहा महिन्यांनी नजरेने तपासणी आणि वर्षातून एकदा पाण्याची चाचणी करायची पद्धत आहे. पाइप भरून 12 बार दाबावर निदान 15 मिनिटे ठेवतात आणि जोडांशी गळती होते का ते पाहतात. महाराष्ट्रात 2006च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार इमारतीच्या मालकाने किंवा सोसायटीने परवानाधारक एजन्सीकडून तपासणी करून दर जानेवारी आणि जुलैमध्ये ‘फॉर्म बी’ द्यायचा असतो. कागद दिला तरी अडचण तपासणीच्या दर्जाची असते. लाल पाइपाला नवा रंग दिलेला दिसला म्हणून तो आतून मोकळा आहे असे होत नाही. गंज, अडकलेली झडप, गच्चीवरचा निकामी व्हॉल्व्ह यांतले काहीही बाहेरून दिसत नाही. ते फक्त पाणी सोडल्यावर कळते.

तेव्हा सोसायटीच्या सेक्रेटरीला आणि रहिवाशांना एवढेच सांगणे आहे. पुढच्या तपासणीच्या दिवशी इनलेटची झाकणे काढून आत टॉर्च मारायला लावा, प्रत्येक मजल्याचा व्हॉल्व्ह हाताने पूर्ण उघडून बंद करून पाहा, तळाचा कॉक बंद आहे का बघा, आणि एजन्सीला खालून पंपाने पाणी चढवायला सांगा. त्या वेळी तुमच्यापैकी एकाने सर्वांत वरच्या मजल्यावर उभे राहावे. तिथल्या व्हॉल्व्हमधून जोमाने पाणी येताना दिसले नाही, तर फॉर्म बीवर सही करू नका.