चाचणीतला ओटीपी

ऑथेंटिकेटर अ‍ॅपमध्ये दिसणारे सहा आकडे बाहेरून येत नाहीत, फोनमध्येच तयार होतात. खाते जोडताना स्कॅन केलेल्या क्यूआर कोडमध्ये एक गुप्त किल्ली असते आणि तीच सर्व्हरकडेही असते. ही किल्ली आणि घड्याळातली वेळ यांच्यावर दोन्हीकडे सारखेच गणित होते, म्हणून उत्तरही सारखेच येते. वेळ ३० सेकंदांच्या तुकड्यांत मोजली जाते, त्यामुळे तुकडा बदलला की आकडे बदलतात. २०११ च्या RFC 6238 या दस्तऐवजात ही रीत लिहून ठेवलेली आहे.

आपल्याच अ‍ॅप्लिकेशनच्या लॉगिनची चाचणी संगणकाकडून करून घेताना त्यामुळे फोनची गरज उरत नाही. चाचणीसाठी काढलेल्या खात्याची किल्ली प्रोग्रामला दिली की तो स्वतःच कोड काढतो. पायथनमध्ये `pyotp` हे त्यासाठीचे प्रचलित साधन आहे. ही किल्ली मात्र कोडमध्ये लिहून ठेवायची नाही. चाचणी सुरू होताना ती बाहेरून पुरवायची.

खरा त्रास पुढे होतो. कोड १०:००:२८ ला काढला आणि पान संथ असल्यामुळे सर्व्हरकडे १०:००:३१ ला पोहोचला, तर तोवर तुकडा बदललेला असतो. बरेच सर्व्हर मागच्या तुकड्यातला कोड चालवून घेतात, पण कडक सर्व्हर तो नाकारतो. अशी चाचणी कधीमधीच पडते आणि पुन्हा चालवली की पास होते, त्यामुळे कारण लवकर सापडत नाही. उपाय सोपा आहे: तुकडा संपत आला असेल तर थोडे थांबावे.

```python
left = 30 - time.time() % 30
if left < 5:
    time.sleep(left + 1)
code = pyotp.TOTP(secret).now()
```

दुसरी अडचण याहून फसवी. एकदा स्वीकारलेला कोड पुन्हा स्वीकारू नये, असे तोच दस्तऐवज बजावतो. दोन चाचण्यांनी एकाच खात्याने त्याच ३० सेकंदांत लॉगिन केले, तर दुसरीला नकार मिळतो. एकटी चालवली की पास आणि सगळ्यांबरोबर चालवली की नापास, ही त्याची खूण. इथे सर्व्हर सैल करण्याचा मोह होतो, पण सर्व्हर बरोबरच वागत असतो. प्रत्येक चाचणीला वेगळे खाते द्यावे. लॉगिन हा चाचणीचा विषयच नसेल, तर एकदा लॉगिन करून तेच सेशन बाकीच्यांना वापरू द्यावे.

एसएमएसने येणाऱ्या ओटीपीची गोष्ट वेगळी. तो सर्व्हरच ठरवतो, त्यामुळे गणिताने काढता येत नाही. तिथे चाचणीच्या सर्व्हरवर एसएमएस पाठवणारा भाग बदलून, संदेश नुसता साठवून ठेवणारा भाग बसवतात आणि चाचणी कोड तिथून वाचते. ‘१२३४५६ नेहमी चालेल’ अशी पळवाट अनेक जण काढतात. ती चुकून ग्राहकांच्या सर्व्हरवर गेली, तर कोणाच्याही खात्याची दुसरी पायरी नाहीशी होते. म्हणून चुकीचा कोड नाकारला जातो का, हे तपासणारी एक चाचणीही ठेवावी आणि त्यात चुकीचा कोड म्हणून मुद्दाम १२३४५६ हाच द्यावा.