किती कापणार, डॉक्टर?

वहिनीने वहीच्या शेवटच्या पानावर प्रश्न लिहून आणले होते. पहिला वाचताना तिचा आवाज इतका खाली गेला की डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली. घरात सात महिने 'मूळव्याध' म्हणून चाललेलं हे दुखणं मुळात फिशर होतं, म्हणजे गुदद्वाराच्या तोंडाशी मागच्या बाजूला पडलेली भेग. मूळव्याधीचं रक्त बहुधा न दुखता जातं. फिशरमध्ये मात्र शौचाला बसलं की काच फिरल्यासारखं होतं, आणि ती आग तासनतास पाठ सोडत नाही.

"ऑपरेशन करायलाच हवं का?" वहिनीचा पहिला प्रश्न. डॉक्टरांनी आधी औषधांचा हिशोब मागितला. डिल्टियाझेमचं मलम दिवसातून दोनदा, आठ आठवडे, रात्री इसबगोल, रोज कोमट पाण्यात बसणं. सगळं नेमाने झालं होतं. (कित्येक जण नुसतं बधिर करणारं मलम पंधरा दिवस लावतात आणि औषधाने गुण आला नाही म्हणतात.) "ताजी भेग एवढ्यावर बहुधा भरून येते," डॉक्टर म्हणाले. "तुमची जुनी झालीय. कडा जाड झाल्यात, बाहेर चामडीचा कोंब आलाय आणि तळाशी स्नायूचे पांढरे तंतू दिसतात."

मग त्यांनी कागदावर दोन वर्तुळं काढली, एकात एक. बाहेरचं वर्तुळ म्हणजे आपण मनाने आवळतो तो स्नायू. आतला आपलं ऐकत नाही, तो आपणहून आवळलेला असतो. भेग दुखली की तो आणखी आवळतो. मागच्या बाजूला रक्तपुरवठा मुळातच कमी, तो आणखी घटतो आणि जखम भरत नाही. पुढच्या शौचाला ती पुन्हा उकलते. म्हणून ऑपरेशनमध्ये भेग शिवत नाहीत, तर बाजूने छोटा छेद घेऊन आतल्या स्नायूचा खालचा थोडा भाग कापतात. आवळ सैल पडतो, रक्त पोचतं आणि भेग आपली आपण भरते. काम दहा-पंधरा मिनिटांचं, बहुधा मणक्यातून भूल देऊन. शंभरातले नव्वदहून अधिक रुग्ण याने बरे होतात.

"किती कापणार?" हा प्रश्न वहिनीच्या वहीत नव्हता. तो माझ्या तोंडून निघाला, आणि पुढची वीस मिनिटं त्याच्यावरच गेली. उत्तर होतं, "भेगेच्या लांबीइतकाच, त्याच्या वर नाही." जास्त कापला तर पुढे वात आवरत नाही, क्वचित कपड्यांना डाग लागतो. असा त्रास बहुतेकांना होत नाही, झाला तरी बऱ्याच जणांचा काही आठवड्यांत जातो. पण थोड्यांचा राहतो, आणि कापलेला स्नायू परत पहिल्यासारखा होत नाही. भुलीखाली बोटांनी स्नायू ताणण्याची जुनी पद्धत आहे, ती याच कारणाने मागे पडली. ताणताना स्नायू कुठे आणि किती फाटेल, ते कुणाच्याच हातात नसतं.

लेसरचा प्रश्न वहिनीने विचारलाच. डॉक्टर हसले. "लेसरनेसुद्धा बहुतेक वेळा तोच स्नायू कापतात. जाहिरातीत तेवढं लिहीत नाहीत."

पुढचा प्रश्न त्यांचा होता. "ताई, बाळंतपणं कशी झाली?" दोन, दोन्ही नॉर्मल, वहिनीने सांगितलं. थांबून म्हणाली, "पहिल्या वेळी चिमटा लावला होता. टाके बरेच पडले. हसताना कधीकधी वात आवरत नाही. पण ते काय सांगायचं!"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. अशा बाळंतपणात हे स्नायू आधीच दुखावलेले असू शकतात, आणि बायकांमध्ये पुढच्या बाजूला स्नायूची पट्टी मुळातच आखूड असते. वरून आणखी कापलं तर तोल जायची भीती. म्हणून आधी त्या भागाची सोनोग्राफी करू, आणि कापण्याऐवजी स्नायूत बोटॉक्सचं इंजेक्शन देऊन पाहू, असं ते म्हणाले. त्याने स्नायू दोन-तीन महिने सैल राहतो. यश कापण्यापेक्षा कमी, भेग परतण्याची शक्यता जास्त. पण नियंत्रण थोडं ढिलं पडलंच तर इंजेक्शन उतरलं की तेही सहसा सावरतं. वहिनीने इंजेक्शन निवडलं.

वहीतला शेवटचा प्रश्न होता, ऑपरेशन झालंच तर नंतर धावत कधी यायचं? ताप आला, दुखणं कमी होण्याऐवजी वाढत गेलं, रक्त थांबेना किंवा भुलीनंतर लघवी तुंबली, तर वाट पाहायची नाही. पहिल्या शौचाच्या धास्तीने जेवण सोडायचं नाही. मल कडक होतो आणि तीच भेग पुन्हा उकलते.

चिमट्याचं बाळंतपण, पूर्वीचं मूळव्याधीचं किंवा भगंदराचं ऑपरेशन, रक्त पातळ करणारी गोळी, वात न आवरणं: यातलं काहीही असेल तर संमतिपत्रावर सही करण्याआधी डॉक्टरांना सांगा, त्यांनी विचारलं नाही तरी.