पगारवाढ मागायची, पण वाद नको? मग सुरुवात या पुस्तकापासून

धार जिल्ह्यातलं पीथमपूर आणि इंदूरपलीकडचं देवास, दोन्हीकडच्या कारखान्यांत सुपरवायझर, अकाउंट्स, स्टोअर अशा मधल्या पदांवर मराठी मंडळी आहेत. पगारवाढीचा विषय काढायचा म्हटलं की यातल्या अनेकांना साहेबांशी भांडायला निघाल्यासारखं वाटतं. अशांना वाटाघाटीवरच्या पुस्तकांतलं 'गेटिंग टू यस' आधी वाचावं लागेल. रॉजर फिशर आणि विल्यम युरी यांचं हे पुस्तक 1981 मध्ये आलं.

त्यातला कामाचा मुद्दा असा की, आकड्यावरून ओढाताण करायची नाही, दोघांना मान्य होईल असं माप मध्ये ठेवायचं. मग बोलणं माणसावर न जाता मापावर होतं, आणि वाद टाळणाऱ्याला नेमकं हेच सोपं जातं.

उदाहरण घेऊ. समजा, पीथमपूरच्या एका क्वालिटी सुपरवायझरचा पगार 34,000 आहे. जोडीदार नोकरी सोडून गेल्यापासून तो आठ महिने दोन लाईन सांभाळतोय. "घर चालत नाही" हे खरं असलं तरी माप नाही. माप म्हणजे दुसऱ्या लाईनचं वाढलेलं काम, कमी झालेलं रिजेक्शन आणि तशाच कामाला बाजूच्या कंपन्यांत मिळणारा पगार. समजा तो 38 ते 40 हजार आहे. हे एका कागदावर लिहून त्यानं म्हणावं, "सर, दोन लाईनच्या कामाला 39,000 योग्य वाटतात. तुम्ही कसं बघता?" आणि मग गप्प राहावं. भिडस्त माणूस इथंच चुकतो. शांतता सहन न होऊन स्वतःच आकडा खाली आणतो.

"बजेट नाही" असं उत्तर आलं तर? इथं एफबीआयचे माजी वाटाघाटीकार ख्रिस व्हॉस यांचं 2016 चं 'नेव्हर स्प्लिट द डिफरन्स' उपयोगी पडतं. नकाराला नकार न देता 'कसं' विचारायचं: "मग हे कसं बसवता येईल? ग्रेड बदलायला काय लागेल, आणि पुन्हा कधी बसू?" मात्र त्यातले अनेक प्रसंग ओलिसांच्या सुटकेचे आहेत. रोज भेटणाऱ्या साहेबांवर सगळे डाव टाकले तर ते लगेच कळतात.

फिशर-युरी आणखी एक तयारी सांगतात: बोलणं फिसकटलं तर आपल्याकडे दुसरा मार्ग कोणता? दुसरीकडची ऑफर हातात नसेल तर "सोडून जाईन" म्हणू नये. साहेबांनी "जा" म्हटलं तर मागं फिरता येत नाही.

वेळेचंही बघावं. वाढीची पत्रं एप्रिलच्या सुमारास मिळत असतील, तर रक्कम आधीच ठरलेली असते. विषय जानेवारी-फेब्रुवारीतच काढलेला बरा. जिथं युनियनच्या करारानं किंवा सरकारी वेतनश्रेणीनं पगार ठरतो, तिथं मात्र एकट्याच्या बोलण्यानं आकडा हलत नाही. तिथं बढती किंवा वरच्या ग्रेडचीच गोष्ट काढावी लागते.