हॉस्टेलचं नेट का गेलं?

तालुक्याच्या गावातलं कॉलेज डोळ्यांसमोर आणा. मुख्य इमारत, लायब्ररी आणि हॉस्टेल अशा तीन इमारती, प्रत्येकीत एक लेअर थ्री स्विच आणि तिन्ही एकमेकांना फायबरने जोडलेले. इंटरनेटची लाइन आणि फायरवॉल मुख्य इमारतीत. अशा त्रिकोणाचा हेतू उघड आहे: एक फायबर तुटली तरी दुसऱ्या बाजूने वाट मोकळी राहावी. पण दुसरी केबल टाकली म्हणजे नेटवर्क आपोआप तिकडून वळेल, असं नाही. ते वळेल की नाही, हे स्विचमध्ये रूट कसे लिहिलेत यावर ठरतं.

साधा स्विच एकाच नेटवर्कमधल्या यंत्रांना जोडतो. लेअर थ्री स्विच त्यापुढे जाऊन वेगवेगळ्या नेटवर्कमध्ये पॅकेट पोचवतो, म्हणजे राउटरचंच काम करतो. त्यासाठी त्याच्याकडे एक तक्ता असतो: अमुक पत्त्याचं पॅकेट अमुक शेजाऱ्याकडे द्यायचं. हा तक्ता माणसाने हाताने लिहिला तर तो स्टॅटिक रूट. स्विचनी आपापसांत बोलून तयार केला तर ते डायनॅमिक राउटिंग आणि ओएसपीएफ हा त्यातलाच एक रुळलेला प्रोटोकॉल आहे. त्याचं पहिलं प्रमाणपत्रक 1989 सालचं. आज वापरात असलेली दुसरी आवृत्ती 1998च्या आरएफसी 2328मध्ये सांगितलेली आहे.

आपल्या कॉलेजात पत्ते इमारतीनुसार वाटले आहेत: लायब्ररीला `10.20.0.0`, हॉस्टेलला `10.30.0.0`. मुख्य स्विचवर सिस्को पद्धतीने हॉस्टेलचे दोन स्टॅटिक रूट लिहिले आहेत.

```
ip route 10.30.0.0 255.255.0.0 Gi1/0/49 10.255.0.6
ip route 10.30.0.0 255.255.0.0 10.255.0.2 250
```

पहिली ओळ सरळ हॉस्टेलकडे जाते, दुसरी लायब्ररीमार्गे. शेवटचा 250 हा आकडा त्या रूटचा क्रम मागे ढकलतो. साध्या स्टॅटिक रूटचा आकडा 1 असतो आणि लहान आकड्याला आधी मान मिळतो. म्हणून दुसरा रूट राखीव राहतो आणि पहिला नाहीसा झाला की पुढे येतो. याला फ्लोटिंग स्टॅटिक म्हणतात. कागदावर व्यवस्था चोख आहे.

आता गटाराच्या खोदकामात जेसीबीने मुख्य इमारत आणि हॉस्टेल यांच्यामधली फायबर तोडली. फायबर थेट स्विचच्या पोर्टमध्ये असेल तर पोर्ट डाउन होतो, पहिला रूट तक्त्यातून निघतो, राखीव रूट येतो. हॉस्टेलच्या बाजूनेही असाच राखीव रूट लिहिलेला असेल तर मुलांना फार काही जाणवणार नाही. पण कितीतरी कॅम्पसमध्ये फायबर थेट स्विचमध्ये जातच नाही. भिंतीवर मीडिया कन्व्हर्टरची डबी असते आणि तिच्यातून तांब्याची पॅचकॉर्ड स्विचला येते. फायबर तुटली तरी डबी आणि स्विच यांच्यातली लिंक शाबूत राहते. पोर्टचा दिवा हिरवाच. स्विचच्या दृष्टीने काहीच बिघडलेलं नाही, म्हणून पहिला रूट तक्त्यात ठाण मांडून बसतो आणि हॉस्टेलचं प्रत्येक पॅकेट तुटलेल्या फायबरकडे जाऊन नष्ट होतं. स्टॅटिक रूट ही चौकात रंगवलेली पाटी आहे. पुढचा पूल वाहून गेला तरी तिच्यावरचा बाण बदलत नाही.

पोर्ट डाउन होऊनही असंच घडू शकतं. दोन स्विचमधला पत्ता व्हीलॅन इंटरफेसवर दिला असेल आणि तो व्हीलॅन त्याच स्विचच्या आणखी एखाद्या चालू पोर्टवर असेल, तर इंटरफेस वरच राहतो आणि त्याच्यासोबत रूटही. म्हणून इमारती जोडणाऱ्या पोर्टवर `no switchport` देऊन पत्ता थेट पोर्टवर टाकणं चांगलं.

ओएसपीएफ इथे वेगळं वागतं. ते दिव्यावर भिस्त ठेवत नाही. शेजारी स्विच एकमेकांना दर 10 सेकंदांनी हॅलो पॅकेट पाठवतात. सलग 40 सेकंद हॅलो आलं नाही, तर शेजारी गेला असं धरलं जातं. मग ही बातमी उरलेल्या स्विचना कळते आणि प्रत्येक जण संपूर्ण नकाशावरून जवळची वाट पुन्हा काढतो. कन्व्हर्टरच्या उदाहरणात हॉस्टेल सुमारे 40 सेकंद बंद राहील आणि मग लायब्ररीमार्गे सुरू होईल. पोर्टच डाउन झाला तर 40 सेकंद थांबावं लागत नाही, काही सेकंदांत काम होतं.

हॉस्टेलच्या स्विचवर लागणारा मजकूर एवढाच:

```
ip routing
router ospf 1
 passive-interface default
 no passive-interface Gi1/0/49
 no passive-interface Gi1/0/50
 network 10.30.0.0 0.0.255.255 area 0
 network 10.255.0.0 0.0.0.255 area 0
```

यातली `passive-interface default` ही ओळ वगळू नका. ती नसेल तर खोल्यांकडे जाणाऱ्या व्हीलॅनवरही हॅलो जातात आणि एखादा हुशार विद्यार्थी आपल्या लॅपटॉपला शेजारी स्विच म्हणून उभं करू शकतो. तीन इमारतींना एकच एरिया, शून्य क्रमांकाचा, पुरेसा आहे. एरियांचे तुकडे पाडणं मोठ्या जाळ्यांचं काम. इंटरनेटचा डीफॉल्ट रूट मुख्य स्विचवर स्टॅटिकच ठेवायचा आणि `default-information originate` देऊन बाकीच्यांना कळवायचा.

ओएसपीएफच्याही स्वतःच्या अडचणी आहेत. सगळ्यात जास्त वेळ खाणारी म्हणजे दोन टोकांना एमटीयू, म्हणजे पॅकेटची कमाल लांबी, वेगळी असणं. पिंग चालतं, हॅलोही पोचतात, पण `show ip ospf neighbor` पाहिलं की शेजारी `FULL` न दिसता `EXSTART` किंवा `EXCHANGE` वर अडकलेला दिसतो. दोन्हीकडे एमटीयू सारखा केला की सुटतं.

स्टॅटिकची दुसरी खोड वीज गेल्यावर दिसते. हॉस्टेलचा यूपीएस संपला आणि स्विच बंद पडला. समजा आता फायबर थेट स्विचमध्ये आहेत, त्यामुळे दोन्ही बाजूंचे पोर्ट डाउन होतात. मुख्य स्विचचा राखीव रूट पॅकेट लायब्ररीकडे पाठवतो आणि लायब्ररीचा राखीव रूट ते मुख्य स्विचकडे परत पाठवतो. पॅकेटची टीटीएल संपेपर्यंत हा खेळ चालतो. ट्रेसराउट केलं तर `10.255.0.2` आणि `10.255.0.1` हेच दोन पत्ते आळीपाळीने येत राहतात. ही खूण दिसली की राखीव रूट एकमेकांकडे बोट दाखवताहेत हे नक्की समजा.

तरीही मी सगळीकडे ओएसपीएफ लावा असं म्हणणार नाही. प्रत्येक इमारतीला मुख्य इमारतीकडून एकच फायबर असेल तर वळायला दुसरी वाटच नाही, मग ओएसपीएफ काय वळवणार? तिथे इमारतीच्या स्विचवर एक डीफॉल्ट रूट आणि मुख्य स्विचवर इमारतीमागे एक रूट, एवढं पुरतं. पत्ते इमारतीनुसार वाटलेले असतील तर लायब्ररीत नवी लॅब आली तरी `10.20` मधलाच पत्ता मिळतो आणि मुख्य स्विचवर काहीही बदलावं लागत नाही. पण दुसरी फायबर टाकलीत, त्रिकोण पुरा केलात, त्या दिवशी ओएसपीएफ लावा. फक्त स्विच विकत घेण्याआधी त्याच्या लायसन्समध्ये ओएसपीएफ आहे का, हे लेखी विचारून घ्या. काही स्वस्त मॉडेलमध्ये फक्त स्टॅटिक असतं.

आणि लावून झालं की सुटीच्या दिवशी चाचणी घ्या. स्विचची पॅचकॉर्ड काढू नका, कारण त्याने पोर्ट डाउन होतो आणि सोपी परीक्षाच होते. दोन कन्व्हर्टरच्या मधली फायबर काढा, हॉस्टेलमधून पिंग चालू ठेवा आणि किती सेकंदांनी उत्तरं पुन्हा येतात ते मोजा. मिनिटभरात आली नाहीत तर तुमची दुसरी फायबर अजून कामाची झालेली नाही.