हॅमरचे २७, कोअरचे १८

पन्नाशीला आलेल्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट सुरू झाले की पार्किंगमधल्या कॉलमवर खट्-खट् आवाज ऐकू येऊ लागतो. हातभर लांबीचे, पितळी किंवा काळ्या नळीसारखे एक उपकरण कॉलमला आडवे टेकवून दाबले जाते, आतून ठोका बसतो आणि पट्टीवर एक आकडा उमटतो. हे रिबाउंड हॅमर. सोसायटीचे सभासद बहुधा हीच तपासणी प्रत्यक्ष पाहतात. पुढे अहवालात 'काँक्रीटची ताकद' या मथळ्याखाली आकडे येतात तेव्हा ते या ठोक्यांवरून काढले आहेत की कॉलममधून कापून काढलेल्या नमुन्यावरून, हे मात्र क्वचितच कोणी विचारते. जुन्या इमारतीत या दोन आकड्यांमध्ये केवढे अंतर पडू शकते, हे समजण्यासाठी आधी हॅमर नेमके काय मोजतो ते पाहायला हवे.

स्विस इंजिनिअर अर्न्स्ट श्मिट यांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीस हे उपकरण तयार केले. त्याची रचना आजही फारशी बदललेली नाही. पुढचा दांडा काँक्रीटवर टेकवून दाबला की आतली स्प्रिंग ताणली जाते. ठरावीक ठिकाणी आकडा सुटतो, पोलादी वजन दांड्यावर आदळते आणि मागे उसळते. रबरी चेंडू फरशीवर उंच उडतो आणि वाळूत बसतो, तेच इथेही घडते: पृष्ठभाग टणक असेल तर वजन जास्त उसळते. ही उसळी म्हणजे रिबाउंड नंबर. हॅमरसोबत मिळणाऱ्या तक्त्यात त्या नंबरसमोर ताकदीचा अंदाज दिलेला असतो. आडव्या ठोक्यात ३४ आले तर साधारण २७ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. स्लॅबच्या पोटावर खालून वर ठोका मारला तर गुरुत्वाकर्षणामुळे त्याच काँक्रीटवर वेगळा आकडा येतो, म्हणून प्रत्येक दिशेची रेषा वेगळी असते.

यात ताकद थेट कुठेच मोजली गेलेली नाही. मोजला गेला तो पृष्ठभागाचा टणकपणा, आणि तोही साधारण तीस मिलिमीटर खोलीपर्यंतचा. टणकपणावरून ताकद ताडण्यात अचूकता फार तर अधिक-उणे २५ टक्के धरावी, असे भारतीय मानकातच म्हटले आहे. काँक्रीट नवे असेल तर एवढे चालून जाते. जुन्या काँक्रीटची अडचण वेगळी आहे, कारण त्याचा बाहेरचा थर वयाबरोबर बदललेला असतो.

हवेतला कार्बन डायऑक्साइड काँक्रीटच्या बारीक छिद्रांतून वर्षानुवर्षे आत शिरतो आणि सिमेंटमधल्या चुन्याशी संयोग पावून कॅल्शियम कार्बोनेट बनवतो. याला कार्बोनेशन म्हणतात. छिद्रे भरल्याने तो थर अधिक टणक होतो आणि हॅमर जास्त उसळू लागतो. या एका कारणामुळे जुन्या काँक्रीटच्या ताकदीचा अंदाज ५० टक्क्यांपर्यंत फुगू शकतो, असा इशारा मानकानेच दिला आहे. त्याच बदलाने काँक्रीटचा अल्कधर्मी गुणही जातो. या गुणामुळेच आतल्या सळईवर गंजरोधक पापुद्रा टिकून असतो. कार्बोनेशन सळईपर्यंत पोचले की पापुद्रा नाहीसा होतो, आणि ओलावा व हवा मिळताच गंज सुरू होतो. म्हणजे हॅमरचा आकडा फुगवणारी प्रक्रिया आणि सळई उघडी पाडणारी प्रक्रिया एकच आहे. हे कळल्याशिवाय 'हॅमरचे आकडे छान आले' या वाक्यावर विश्वास ठेवू नये.

एक नमुना हिशेब पाहू. समजा, मुंबई उपनगरात १९७५च्या सुमारास बांधलेली चार मजली इमारत आहे. तळमजल्यावर पार्किंग, कॉलम २३० बाय ४५० मिलिमीटरचे. त्या काळी अशा इमारतींत एक भाग सिमेंट, दोन भाग वाळू आणि चार भाग खडी हे मिश्रण सर्रास वापरले जाई. त्यातून १५ न्यूटनची ताकद अपेक्षित असे. तेव्हाच्या परिभाषेत हे एम-१५० काँक्रीट, कारण मोजमाप किलो प्रति चौरस सेंटिमीटरमध्ये होते.

तपासणीत सर्वांत आधी गिलावा फोडावा लागतो. गिलाव्यावर मारलेला ठोका गिलाव्याचीच उसळी दाखवतो. मग काँक्रीटचा भाग कार्बोरंडम दगडाने घासून गुळगुळीत करायचा. कडेपासून किमान वीस मिलिमीटर आत राहून, हॅमर काटकोनात धरून एका जागी सहा ठोके घ्यायचे. एखादा ठोका थेट मोठ्या खडीवर किंवा पोकळीवर बसला तर त्याचा आकडा इतरांपेक्षा बराच वेगळा येतो. तो वगळून उरलेल्यांची सरासरी काढायची.

आपल्या इमारतीत बहुतेक कॉलमवर ३३ ते ३६ आले, म्हणजे तक्त्यानुसार साधारण २७. एका कॉलमवर मात्र २६च आले. त्याच्या माथ्यावरून ड्रेनेजची पाइपलाइन जाते आणि ती पाझरते. एवढ्यावर अहवाल लिहिला तर सगळे कॉलम ठणठणीत आणि हा एकच कमजोर, असा निष्कर्ष निघेल.

आता कोअर घेऊ. रिबार लोकेटरने सळया आणि रिंगा कुठे आहेत ते शोधून त्यांच्यामधली जागा आखली जाते. सळई कापली गेली तर कॉलमही दुबळा होतो आणि नमुनाही बिघडतो. कॉलमचा वरचा टोकाकडचा भागही शक्यतो टाळतात. ओततानाचे पाणी तिथे वर येऊन साचलेले असते आणि काँक्रीट खालच्यापेक्षा कमी ताकदीचे निघते. त्याच जागी आधी हॅमरचे ठोके नोंदवून घ्यायचे, म्हणजे पुढे दोन्ही आकडे शेजारी-शेजारी ठेवता येतात. मग मशीन भिंतीला घट्ट बसवून, पाणी सोडत, डायमंड बिटने कोअर कापला जातो. कोअरचा व्यास सर्वांत मोठ्या खडीच्या तिप्पट असावा असा संकेत आहे. खडी वीस मिलिमीटरची असल्याने सत्तर मिलिमीटरचा कोअर इथे चालतो.

बाहेर आलेला कोअर हातात घेऊन नीट बघावा. खडी गोल की टोकदार, तिच्याभोवती सिमेंटचा लगदा भरला आहे की मधे पोकळ्या आहेत, एखादी चीर आडवी गेली आहे का, हे सगळे डोळ्यांना दिसते. कोअर काढलेल्या जागी काँक्रीट ताजे फोडून त्यावर फिनॉल्फ्थॅलिनचा फवारा मारतात. जिथे अल्कधर्मी गुण शाबूत आहे तिथे गडद गुलाबी रंग येतो, कार्बोनेट झालेला भाग रंगहीन राहतो. आपल्या कोरड्या कॉलममध्ये बाहेरचा तीस मिलिमीटर थर रंगहीन निघाला आणि सळई पंचवीसवरच आहे. पाझर असलेल्या कॉलममध्ये रंगहीन थर अगदी पातळ. पाण्याने भरलेल्या छिद्रांतून कार्बन डायऑक्साइड सहज आत जात नाही, म्हणून हे घडते.

लॅबमध्ये कोअरची टोके सपाट करून तो पाण्यात भिजवतात आणि कॉम्प्रेशन मशीनमध्ये मोडेपर्यंत दाबतात. समजा, कोरड्या कॉलममधला १०५ मिलिमीटर लांबीचा कोअर ५९ किलोन्यूटनला मोडला. सत्तरच्या व्यासाचे क्षेत्रफळ ३८४८ चौरस मिलिमीटर, म्हणून ताण आला १५.३. इथेच थांबता येत नाही. प्रमाणित कोअरची लांबी व्यासाच्या दुप्पट असते, आणि आपला दीडपटच आहे. आखूड कोअर मशीनमध्ये जास्त भार घेतो, म्हणून ०.९४५ने गुणून दुरुस्ती करायची: १४.५. आपल्याकडे ताकद घनाकृती ठोकळ्यावर मोजतात आणि नमुना गोल नळकांडे आहे, म्हणून आणखी १.२५ने गुणायचे. उत्तर आले सुमारे १८. बारीक व्यासाच्या कोअरसाठी आणखी एक छोटी दुरुस्ती असते, ती इथे बाजूला ठेवली आहे.

पाझर असलेल्या कॉलमच्या कोअरचेही उत्तर जवळपास १८ आले असे धरू. ३४ आणि २६ हा हॅमरमधला फरक ताकदीचा नव्हताच. एकीकडे कार्बोनेट होऊन टणक झालेला थर होता आणि दुसरीकडे ओला पृष्ठभाग, ज्यावर अंदाज कोरड्यापेक्षा सुमारे २० टक्क्यांनी खाली येऊ शकतो.

१८ आणि २७मधला फरक प्रत्यक्षात केवढा, हेही पाहू. कॉलम रचताना काँक्रीटचा वाटा ढोबळमानाने ताकदीच्या ०.४ पट गुणिले क्षेत्रफळ असा धरतात. २३० बाय ४५०च्या कॉलमला २७ धरले तर हा वाटा ११०० किलोन्यूटनच्या पुढे जातो, १८ धरले तर तो साडेसातशेच्या आत येतो. एका कॉलममागे जवळपास अडतीस टनांचा फरक पडतो. वर आणखी एक मजला चढवायचा किंवा गच्चीवर मोठी टाकी ठेवायची असा विचार असेल तर हे अडतीस टन कागदावर आहेत, कॉलममध्ये नाहीत. आणि गणितात सरासरी न वापरता तिच्याहून खालचा, बहुतांश नमुने ज्याच्या वर राहतील असा आकडा घ्यावा लागतो. तीन-चारच कोअर असतील तर तो आणखी जपून धरावा लागतो.

मग हॅमर टाकून द्यायचा का? नाही. प्रत्येक कॉलममधून कोअर काढता येत नाही. आपल्या इमारतीत हॅमरच्या ३४ला कोअरचे १८ आले. तसेच आणखी दोन-तीन कोरड्या जागांवर १७ ते १९ आले, तर या इमारतीपुरते तक्त्याचे उत्तर दोन तृतीयांश करून वाचायचे हे ठरते. मग उरलेले सगळे कोरडे कॉलम हॅमरने तपासता येतात. एखादा कॉलम त्यांच्यातही २७-२८ दाखवत असेल तर पुढचा कोअर तिथून घ्यावा. हॅमरची खरी जागा ही आहे: एकाच इमारतीतले वेगळे भाग शोधणे. त्याआधी तो पोलादी ऐरणीवर ठोकून ८०च्या आसपास आकडा देतो का, तेही पाहावे लागते. स्प्रिंग सैल झालेला हॅमर सगळीकडे कमी दाखवतो.

या तपासण्यांची मर्यादा मोठी आहे. दोन्ही काँक्रीटविषयी बोलतात, इमारतीच्या सांगाड्याविषयी नाही. जुलै २०१७मध्ये घाटकोपरची चार मजली इमारत कोसळून १७ जणांचा जीव गेला. तळमजल्यावरच्या बांधकामात केलेल्या बदलांवर तेव्हा बोट ठेवले गेले. तोडलेला कॉलम किंवा गंजून निम्मी झालेली सळई वरच्या मजल्यावरून काढलेला कोअर सांगणार नाही.

मुंबईत इमारत 'सी-१', म्हणजे राहण्यास अतिधोकादायक, ठरवण्याआधी हॅमर आणि कोअरसोबत अल्ट्रासोनिक, हाफ-सेल आणि कार्बोनेशन तपासण्याही मागितल्या जातात. सोसायटीने आणि मालकाने नेमलेल्या इंजिनिअरांचे अहवाल परस्परविरोधी निघाले तर प्रकरण महापालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे जाते. अशा वेळी सभासदांनी अंतिम सरासरीऐवजी मूळ नोंदी मागाव्यात. गिलावा काढला होता का, पृष्ठभाग ओला होता का, हॅमर कोणत्या दिशेने धरला, कोअर कुठून काढला हे नकाशावर दाखवले आहे का, त्याची लांबी, व्यास आणि मोडण्याचा भार किती, हे अहवालात असायला हवे. एवढे आकडे मिळाले तर वर केलेला गुणाकार कोणताही सभासद घरी बसून करू शकतो. कोअर काढलेली भोकेही त्याच आठवड्यात, न आकसणाऱ्या ग्राउटने भरून घ्यावीत आणि भरल्याचा फोटो अहवालाला जोडून घ्यावा.