तीन, तीन, तीन, मग दोन

वरच्या ओळीत सोळा काळे ठोकळे आणि खालची ओळ कोरी. मायक्रोकंट्रोलरच्या प्रॅक्टिकलला ज्याने १६ बाय २ चा एलसीडी जोडलाय, त्याने हे दृश्य पाहिलेलं असतंच. पुष्कळ जण डिस्प्ले खराब निघाला असं समजून तो दुकानात परत घेऊन जातात. पण ठोकळे दिसतायत याचा अर्थ डिस्प्लेला वीज पोचलीय आणि कॉन्ट्रास्टचा प्रीसेटही कामाचा आहे. वीज मिळाल्यावर हा डिस्प्ले स्वतःला एकाच ओळीचा समजतो, म्हणून वरची तेवढी ओळ काळी पडते. दोन ओळी आहेत, हे त्याला प्रोग्रामने सांगायचं असतं आणि ते सांगणं पोचलेलं नाही.

काचेमागच्या पाटीवर बसलेला कंट्रोलर बहुतेक वेळा हिताची कंपनीचा एचडी ४४७८० किंवा त्याची नक्कल असतो. त्याला डेटाच्या आठ तारा असतात, डी-० ते डी-७. मायक्रोकंट्रोलरच्या आठ पिना एका डिस्प्लेसाठी अडकवणं परवडत नाही, म्हणून वरच्या चारच तारा जोडतात आणि प्रत्येक बाइट दोन हप्त्यांत पाठवतात: आधी वरचे चार बिट, मग खालचे चार. या अर्ध्या बाइटला निबल म्हणतात. निबल तारांवर ठेवायचा, इनेबलची पिन वर करून खाली आणायची, की कंट्रोलर तो उचलतो.

अडचण इथेच आहे. आलेला निबल पहिला की दुसरा, हे सांगणारी वेगळी तार नाही. कंट्रोलर आपल्या मनाशी जोड्या लावत जातो. देवळाबाहेरच्या चपलांच्या ढिगात एक चप्पल हरवली आणि जोड्या रांगेने लावत गेलं, तर पुढची प्रत्येक जोडी चुकते, तसंच हे. समजा PUNE हा शब्द पाठवलाय. त्याचे बाइट 50 55 4E 45. सुरुवातीचा एक निबल निसटला, तर कंट्रोलरला दिसतं 05, 54, E4, आणि शेवटचा 5 जोडीदाराची वाट पाहत राहतो. पडद्यावर एक अनोळखी चिन्ह, मग T आणि मग, नेहमीची जपानी अक्षरसंचाची चिप असेल तर, ग्रीक μ. पडद्यावर असं काही उमटलं की वायरिंग उसकटण्याआधी निबलांची जोडी सरकलीय का, ते बघावं.

आता नेहमीचा प्रसंग घेऊ. डिस्प्ले चालू आहे, प्रोग्राम पडदा पुसण्याची कमांड 0x01 पाठवतोय. तिचा वरचा निबल, म्हणजे 0, गेला आणि नेमकं तेव्हाच कोणीतरी बोर्डवरचं रीसेटचं बटण दाबलं. मायक्रोकंट्रोलर पहिल्यापासून सुरू झाला, पण डिस्प्लेची वीज गेलेलीच नाही. तो अजून चार बिटांच्या मोडमध्येच आहे, दुसऱ्या निबलची वाट बघत. नवा प्रोग्राम मात्र डिस्प्ले नुकताच जागा झालाय असं धरून चालतो.

म्हणून हिताचीच्या डेटाशीटमध्ये आधी 3 हा निबल तीनदा पाठवायला सांगितलंय. आठ बिटांच्या मोडवर जा, या कमांडचा तो वरचा भाग. आपल्या प्रसंगात पहिला 3 आधीच्या 0 ला चिकटतो आणि 03 होतो. ही कर्सर घरी नेण्याची कमांड. ती सुमारे १.५२ मिलिसेकंद घेते, घड्याळ संथ असलेल्या चिपवर आणखी जास्त. या काळात कंट्रोलर दुसरं काही ऐकण्याच्या स्थितीत नसतो, म्हणून पहिल्या 3 नंतर ४.१ मिलिसेकंदांपेक्षा जास्त थांबायचं. मग दुसरा आणि तिसरा 3 मिळून 33 बनतात आणि कंट्रोलर आठ बिटांवर येतो.

तो चार बिटांवर असूनही पहिल्याच निबलची वाट बघत असता, तर पहिल्या दोन तिनांतच काम झालं असतं. आधीच आठ बिटांवर असता, तर प्रत्येक 3 ही पूर्ण कमांड ठरली असती. म्हणजे सुरुवात कुठूनही होवो, तिसऱ्या तिनानंतर तो आठ बिटांवरच सापडतो. दोनदा पाठवून भागत नाही, चौथ्यांदा पाठवायची गरज नाही. डेटाशीटमधली माझी आवडती युक्ती हीच.

आता हवा त्या चार बिटांच्या मोडवर नेण्यासाठी एकच 2 पाठवायचा. कंट्रोलर या क्षणी आठ बिटांचा असल्याने इनेबलचा एक ठोका म्हणजे एक पूर्ण कमांड. नवखे इथे फसतात. ते या एकट्या 2 ऐवजी थेट दोन हप्त्यांत 0x28 पाठवतात. मग 2 ने मोड बदलतो आणि मागून आलेला 8 पुढच्या बाइटचा पहिला निबल ठरतो. जोडी सरकली ती सरकलीच. बरोबर क्रम असा:

```c
_delay_ms(50);
nibble(0x3); _delay_ms(5);
nibble(0x3); _delay_us(150);
nibble(0x3); _delay_us(150);
nibble(0x2); _delay_us(150);
command(0x28);
command(0x08);
command(0x01); _delay_ms(2);
command(0x06);
command(0x0C);
```

`command` दोन्ही निबल पाठवून ५० मायक्रोसेकंद थांबतं असं धरलंय, कारण साध्या कमांडला ३७ मायक्रोसेकंद लागतात. 0x28 म्हणजे चार बिट, दोन ओळी, ५ बाय ८ ठिपक्यांचं अक्षर. 0x08 ने पडदा बंद, 0x01 ने पुसून साफ, 0x06 ने कर्सर दर अक्षरागणिक उजवीकडे, 0x0C ने पडदा चालू.

पहिली ५० मिलिसेकंदं बघून कोणी म्हणेल, डेटाशीट तर १५ च्या वर एवढंच सांगते. पण ते १५ मोजायचे असतात वीज ४.५ व्होल्टपर्यंत चढल्यापासून. बरेच मायक्रोकंट्रोलर त्याच्या बरेच आधी, तीनेक व्होल्टलाच धावू लागतात. जाडा कपॅसिटर असलेल्या सप्लायवर वीज सावकाश चढते आणि प्रोग्राम डिस्प्लेच्या पुढे निघून जातो. रीसेट दाबल्यावर पडदा ठीक, पण स्विच बंद करून चालू केला की ठोकळे, असं होत असेल तर ही पहिली वाट वाढवून पाहावी. उलट, स्विचने ठीक आणि रीसेटनंतर मधूनच गोंधळ होत असेल, तर दोष बहुधा तिनांच्या क्रमात किंवा त्यांच्यामधल्या थांब्यात असतो. आणि पुसल्यानंतरचं पहिलंच अक्षर गायब होत असेल, तर 0x01 नंतरचे २ मिलिसेकंद त्या चिपला कमी पडतायत. नकलांची घड्याळं सारख्या गतीने चालत नाहीत, तेव्हा तिथे ३ करून बघायला हरकत नाही.

इतकं अंदाजाने थांबण्याऐवजी कंट्रोलरलाच ‘झालं का?’ विचारता येतं, त्यासाठी बिझी फ्लॅग आहे. तो वाचायचा तर वाचा-लिहा ठरवणारी पिन मायक्रोकंट्रोलरला जोडावी लागते, आणि बहुतेक जण पिन वाचवायला ती सरळ ग्राउंडला टाकतात. जोडलेली असली तरी तिन्ही 3 पूर्ण होईपर्यंत फ्लॅगवर विसंबता येत नाही, त्यामुळे सुरुवातीचे थांबे कोणालाच चुकत नाहीत.